नव्या बाईंचा पहिला दिवस : एक गोष्ट आणि तीन थांबे

शिक्षक होण्याचे शिक्षण घेणाऱ्यांना सगळे काही शिकवले जाते, पण एक गोष्ट पाहायला मिळत नाही, ती म्हणजे न लागलेला वर्ग. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एकूण 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. पण छात्राध्यापक शाळेत पोहोचतात तेव्हा तिथली घडी बहुधा बसलेली असते. कोण कुठे बसतो, पाणी प्यायला कधी जायचे, वही कुठे ठेवायची, हे सगळे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते आणि वर्गशिक्षकही जवळपास असतात. मुले शांत बसतात ती या घडीमुळे. छात्राध्यापकाला मात्र वाटते, आपला पाठ चांगला झाला. ही घडी मुळात बसवतात कशी, हे त्याला पहिल्यांदा कळते ते नोकरीच्या पहिल्या दिवशी, आणि तेही एकट्याने.

नव्या शिक्षकांच्या अडचणींवर जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. नेदरलँड्सचे अभ्यासक सायमन व्हीनमन यांनी 1984 मध्ये असे 83 अभ्यास एकत्र वाचले, तेव्हा सगळ्यांत वरची अडचण निघाली वर्गातील शिस्त. त्याच दशकात अमेरिकेत जुडिथ शुलमन यांनी शिक्षकांकडूनच त्यांच्या वर्गातले अवघड प्रसंग लिहून घेतले आणि ते शिक्षक-प्रशिक्षणात चर्चेसाठी वापरायला सुरुवात केली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपुढे रुग्णाची केस ठेवतात, तसा हा शिक्षकांपुढे ठेवलेला वर्ग. गोष्ट वाचायची, ठरावीक जागी थांबायचे, आणि पुढे काय झाले हे कळण्याआधी आपण काय केले असते ते लिहायचे.

पुढची गोष्ट अशाच चर्चेसाठी रचलेली आहे. त्यातली माणसे कल्पित आहेत. शाळेची रचना, मुलांच्या अडचणी आणि गणितातली चूक मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राथमिक शिक्षकाने पाहिलेली असेल अशीच आहे. अभ्यासवर्गात ती तीन तुकड्यांत वाचायची असते. इथेही तशीच दिली आहे.

पहिला तुकडा

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. जुलैतल्या एका सोमवारी वैशाली शिक्षणसेवक म्हणून रुजू झाली. मुख्याध्यापकांनी रुजू अहवालावर तिची सही घेतली, हजेरीपत्रक आणि खडूचा डबा हातात दिला आणि म्हणाले, “तिसरी-चौथी तुमच्याकडे, मॅडम. पहिली-दुसरी मी बघतो. लेकरं चांगली आहेत. काही लागलं तर हाक मारा.”

परिपाठ झाला. वैशाली वर्गात आली. एका बाजूला तिसरीची अकरा मुले, दुसऱ्या बाजूला चौथीची नऊ. रात्री जागून तिने वर्गाचे सात नियम तयार केले होते. स्वतःचे नाव सांगून ती म्हणाली, “मी फळ्यावर नियम लिहिते. सगळ्यांनी उतरवून घ्या.” आणि ती फळ्याकडे वळली.

दुसरा नियम लिहीत असताना मागून आवाज आला, “बाई, समास सोडायचा का?” मग दुसरा, “बाई, पेन्सिलीनं का पेननं?” मग तिसरा, “बाई, माझ्याकडं नवी वही न्हाई.” ती न वळता म्हणाली, “लिहा, लिहा.” चौथीतल्या दोन मुलींचे दोन्ही नियम लिहून झाले होते. त्या तिसऱ्याची वाट बघत एकमेकींशी बोलू लागल्या. तिसरीतली निम्मी मुले अजून पहिल्याच नियमावर होती. पाचव्या नियमाला कोणी तरी कोणाचे तरी दप्तर ओढले आणि दोघे उठून उभे राहिले. वैशाली वळली, डस्टर टेबलावर आपटून ओरडली, “गप्प बसा!” वर्ग शांत झाला. ती पुन्हा वळली. या वेळी गोंगाट लवकर सुरू झाला. तिसऱ्यांदा डस्टर आपटला तेव्हा पहिलीची दोन मुले दारात येऊन बघत उभी होती.

थांबा पहिला : गोंगाट नेमका कुठे सुरू झाला?

इथे गोष्ट बाजूला ठेवायची. चर्चेत सहसा पहिली मते येतात ती बाईंच्या स्वभावाविषयी. आवाजात जरब नव्हती, सुरुवातीलाच कडक राहायला हवे होते, दप्तर ओढणाऱ्याला पुढे बसवायला हवे होते. म्हणून चर्चा घेणाऱ्याने फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात जे गोष्टीत प्रत्यक्ष घडले ते, दुसऱ्यात आपण त्यावरून जे ठरवले ते. ‘मुले ऐकत नव्हती’ हे दुसऱ्या रकान्यात जाते. ‘समास सोडायचा का, असे एकाने विचारले’ हे पहिल्यात. हे वेगळे करायला लागले की चर्चेचा रोख बदलतो.

मग विचारायचे, पहिली ठिणगी कोणती? बहुतेक जण दप्तर ओढण्याकडे बोट दाखवतात. पण त्याच्या बऱ्याच आधी तीन मुलांनी तीन प्रश्न विचारले होते, आणि ते तिन्ही कामाविषयीचे होते. ती मुले ऐकत होती, म्हणून तर विचारत होती. सूचनेत फक्त ‘उतरवून घ्या’ एवढेच होते. कोणत्या वहीत, कशाने, किती, आणि झाल्यावर काय करायचे, यातले काहीच नव्हते. एका इयत्तेच्या वर्गात ही फट कशीबशी झाकली जाते. दोन इयत्तांच्या वर्गात ती लगेच उघडी पडते, कारण चौथीचा लिहिण्याचा वेग आणि तिसरीचा वेग यांत फार अंतर असते. ज्यांचे झाले ते रिकामे, ज्यांचे झाले नाही ते गोंधळलेले, आणि दोघांकडेही बाईंची पाठ.

अमेरिकेतील डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी या विषयावर बरीच वर्षे काम केले. त्याची सुरुवात त्यांच्याच वर्गातून झाली. वर्ग चालू असताना वर्तमानपत्र वाचत बसलेल्या एका विद्यार्थ्याला ते रागावले आणि त्यांच्या लक्षात आले, की ज्यांना काही बोललेच नव्हते ती बाकीची मुलेही सावरून बसली. रागावण्याची कोणती पद्धत जास्त परिणाम करते, हे शोधायला त्यांनी प्राथमिक वर्गांचे व्हिडिओ चित्रण केले. 1970 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा उत्तर अपेक्षेच्या उलट निघाले. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, याचा वर्गाच्या वागण्याशी ठोस संबंध दिसला नाही. फरक पडत होता तो गोंधळ होण्याआधीच्या कृतींनी. वर्गाच्या कोपऱ्यात काय चालले आहे हे शिक्षकाला कळते आहे असे मुलांना जाणवते का? दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळता येतात का? एका कामातून दुसऱ्या कामात जाताना मध्ये रिकामी जागा राहते का?

वैशालीच्या वर्गात या तिन्ही ठिकाणी खिंड पडली होती. डस्टर आपटल्यावर शांतता झाली हे खरे, पण त्यामुळे समास सोडायचा की नाही हे कोणालाच कळले नाही. म्हणून ती वळताच प्रश्न तसाच उभा राहिला आणि गोंगाट परत आला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर.

कुनिन यांच्या पुस्तकाला दहा वर्षे होतात तोच, 1980 मध्ये, टेक्सासमधील एडमंड एमर, कॅरोलिन एव्हर्टसन आणि लिंडा अँडरसन यांनी तिसरीच्या वर्गांत पहिल्या दिवसापासून बसून निरीक्षणे केली आणि ती प्रसिद्ध केली. पुढे वर्षभर ज्यांचे वर्ग सुरळीत चालले, त्या शिक्षकांकडेही नियम होते आणि ज्यांचे विस्कटले त्यांच्याकडेही होते. फरक असा, की पहिल्या गटातले शिक्षक नियम सांगून थांबत नव्हते. साधी कामे कशी करायची हे ते धड्यासारखे शिकवत, मुलांकडून करवून घेत, आणि पहिले काही दिवस सतत वर्गावर नजर ठेवून होते.

हे आपल्या गोष्टीत कसे उतरेल? छात्राध्यापकांना इथे पहिली दहा मिनिटे नव्याने लिहायला सांगायची. चांगल्या उत्तरात साधारण असे काही येते. नियम फळ्यावर लिहायचेच असतील तर परिपाठाआधी लिहून ठेवायचे, सात नव्हे, दोनच. मुलांना प्रथम गोलात बसवायचे, म्हणजे कोणाकडेच पाठ होत नाही. मग चौथीच्या मुलांना विचारायचे, “मागच्या वर्षी पाणी प्यायला जायचं तर काय करायचात?” तो वर्ग वैशालीला नवा आहे, मुलांना नाही. त्यांच्या शाळेत बऱ्याच रीती आधीपासून आहेत. एक मुलगी सांगेल, दुसरी करून दाखवेल, तिसरीची मुले बघतील. एवढ्यात बाईंना चार-पाच नावे कळतात, आणि मुलांना कळते की या बाई आपले ऐकतात आणि आपल्याकडे बघतातही. लिहिण्याचे काम त्यानंतर, आणि तेही सुटे करून. तिसरीने पहिले वाक्य लिहायचे, चौथीने दोन्ही, झाले की वही मिटून समोर ठेवायची आणि चित्राचे पान काढायचे. ‘झाल्यावर काय’ याचे उत्तर काम सुरू होण्याआधी दिलेले असते.

दुसरा तुकडा

नियम अर्धवटच राहिले. वैशालीने फळा पुसला आणि गणित घेतले. चौथीला पुस्तकातले उदाहरण सोडवायला लावून ती तिसरीकडे आली आणि फळ्यावर उभी मांडणी केली, 52 वजा 27. “कोण सोडवेल?” चार हात वर झाले. तिने हात वर न केलेल्या मुलाकडे बोट केले. खिडकीजवळ बसलेला, शर्टाची वरची दोन बटणे तुटलेला मुलगा. नाव आकाश.

तो फळ्याजवळ आला. खडू घेऊन त्याने एककाखाली 5 लिहिले, दशकाखाली 3. उत्तर 35. “कसं काय?” वैशालीने विचारले. तो गप्प. लगेच मागून कोणी तरी ओरडले, “पंचवीस, बाई, पंचवीस!” वैशाली म्हणाली, “बरोबर, पंचवीस. आकाश, दुसरीत शिकवलं नाही का? एवढंही येत नाही?” मुले हसली. एक जण म्हणाला, “बाई, त्याला कायच येत न्हाई.” आकाशने खडू टेबलावर टाकला. तो खाली पडून फुटला.

थांबा दुसरा : 35 कुठून आले?

या तुकड्यावरची चर्चा बहुधा अपमानाकडे वळते, आणि तो आहेच. पण आधी गणित नीट बघायला हवे, कारण अपमान गणितात नेमके काय झाले हे न कळल्यामुळे घडला.

52 मधून 27 वजा करताना 35 हे उत्तर दोन वेगळ्या वाटांनी येते. पहिल्या वाटेवर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते. वर 2 आणि खाली 7 असले तरी ते 7 मधून 2 काढते, 5 येतात. दशकात 5 मधून 2 काढते, 3 येतात. या मुलाला दशक सुटा करायची कल्पनाच अजून आलेली नाही. दुसऱ्या वाटेवर मूल एक दशक बरोबर सुटा करते, 12 मधून 7 काढून 5 लिहिते, पण दशकाच्या घरातला 5 कमी होऊन 4 झाला हे विसरते आणि 5 वजा 2 असे 3 लिहिते. या मुलाला पद्धत बरीचशी येते, एक पायरी निसटते.

दोघांचेही उत्तर 35. दोघांना लागणारी मदत मात्र अगदी वेगळी. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडायच्या, त्यातून सात सुट्या मागायच्या, आणि गठ्ठा सोडल्याशिवाय त्या देता येत नाहीत हे त्याच्या त्याला दिसू द्यायचे. दुसऱ्याला फक्त सोडलेला गठ्ठा खोडून लिहायची सवय लावावी लागते.

आकाश यातला कोणता? गोष्टीतून ते कळत नाही, आणि वैशालीलाही कळले नाही. उत्तर चूक आहे एवढेच तिने पाहिले. कळण्याचे दोन मार्ग होते. एक म्हणजे दुसरे उदाहरण देणे, असे की ज्यात दोन चुकांची दोन वेगळी उत्तरे येतील. 61 वजा 38 घ्या. बरोबर उत्तर 23. मोठ्यातून लहान काढणारे मूल 37 लिहील. दशक कमी करायला विसरणारे मूल 33 लिहील. म्हणजे वहीवर नजर टाकताच निदान होते. 52 वजा 27 मध्ये ते होत नाही, कारण 7 वजा 2 आणि 12 वजा 7 दोन्हीचे उत्तर 5 च येते. उदाहरण निवडताना हे बघणे हा पाठाच्या तयारीचा खरा भाग आहे. सात नियम लिहिण्यात गेलेली रात्र इथे कामी आली असती.

दुसरा मार्ग वैशालीने सुरूही केला होता. ‘कसं काय?’ हा प्रश्न अगदी योग्य होता. चुकले ते त्यानंतरच्या क्षणी. अमेरिकेत विज्ञानाच्या वर्गांवर काम करणाऱ्या मेरी बड रो यांनी वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले, तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे त्यांना आढळले. हा वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केला, की मुलांची उत्तरे लांबत होती, ‘येत नाही’ किंवा नुसते मौन कमी होत होते, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागत होती. तीन सेकंद ऐकायला फार थोडे वाटतात. वीस मुलांसमोर उभ्या असलेल्या नव्या शिक्षकाला ते फार लांब वाटतात. म्हणून अभ्यासवर्गात हे करून बघावे. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने घड्याळ धरायचे, आणि विचारणाऱ्याने मनात तीन आकडे मोजेपर्यंत तोंड उघडायचे नाही.

थांबण्यालाही मर्यादा आहे. सगळा वर्ग बघत असताना फळ्याजवळ उभे केलेल्या मुलाला तीन सेकंद म्हणजे शिक्षाच वाटू शकते. मागून उत्तर ओरडले जाणार असेल तर थांबून उपयोगही नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी पाटीवर किंवा वहीत सोडवायचे आणि बाईंनी मुलांमधून फिरत बघायचे, हे बरे. मग आकाशच्या शेजारी टेकून हळूच विचारता येते, “मला दाखव, हे पाच कुठून आले?” ‘एवढंही येत नाही?’ या प्रश्नाला मुलाकडे उत्तर नसते. ‘हे पाच कुठून आले?’ याला असते.

तिसरा तुकडा

“खडू उचल,” वैशाली म्हणाली. आकाशने उचलला नाही. “बाहेर उभा राहा मग.” तो बाहेर गेला. वर्ग एकदम शांत झाला, आणि वैशालीला वाटले, आता जमेल. चौथीची उदाहरणे तपासण्यात अर्धा तास गेला.

जेवणाच्या सुट्टीत स्वयंपाकी मावशींनी भात आणि मटकीची आमटी वाढायला घेतली. वैशालीने चव घेतली, नोंदवहीत सही केली आणि ताटे मोजली. एकोणीस. व्हरांड्यात कोणी नव्हते. मावशी म्हणाल्या, “ते पोरगं मघाच गेलं ओढ्याकडनं घरी. मला वाटलं तुम्हीच धाडलं.”

मुख्याध्यापक मोटारसायकल घेऊन निघाले. पाऊण तासाने आकाश आणि त्याची आजी त्यांच्याबरोबर आले. आजी दारातच थांबली. “मारलं न्हाई म्हणतो, बाई,” ती म्हणाली, “पण उद्यापासनं यायचं न्हाई म्हणतो.” थोडे थांबून तिने पुढे सांगितले, “दिवाळी झाली की माय-बापासंगं तोडीला गेलता. पाडवा होऊन गेल्यावर आला. त्याला ते वजाबाकीचं कुठनं येणार?”

गोष्ट इथेच संपते. वैशाली काय म्हणाली, हे मुद्दामच दिलेले नाही.

थांबा तिसरा : तिला केव्हा काय माहीत होते?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळपास पूर्ण बुडते. मुलांनी गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या ठिकाणच्या शाळेत बसता यावे, त्याला काय येते काय नाही हे तिथल्या शिक्षकाला कळावे, म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. तरीही कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळत हंगाम काढणारी मुले आहेत, आणि जूनमध्ये ती वरच्या इयत्तेत येऊन बसतात.

आजीचे बोलणे ऐकल्यावर चर्चेतला सूर एकदम मवाळ होतो. इथे चर्चा घेणाऱ्याने सावध राहायला हवे. आकाश तोडीला गेला होता हे कळल्यावर 35 चा उलगडा झाला, असे सगळ्यांना वाटते. पण मोठ्यातून लहान काढण्याची चूक वर्षभर हजर असलेल्या मुलांच्याही वहीत सापडते. गैरहजेरीने चुकीचा अंदाज येतो, निदान होत नाही. निदानासाठी 61 वजा 38 द्यावेच लागेल. शिवाय गैरहजर राहिलेल्या मुलाला वेगळेच काही तरी येत असण्याची शक्यता असते. फडावर मोळ्या मोजल्या जातात, उचलीचा हिशेब घरात बोलला जातो. त्याला आकडे समजतात की नाही, ही चौकशी त्या हिशेबापासूनही सुरू करता येईल.

यानंतरचा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. त्या त्या क्षणी वैशालीला काय माहीत होते, आणि काय माहीत करून घेता आले असते? बाहेर उभे करताना तिला आकाशचे नावही जेमतेम ठाऊक होते. पण मागच्या वर्षीचे हजेरीपत्रक त्याच शाळेच्या कपाटात होते, आणि आकाशच्या नावापुढे दिवाळीनंतरच्या महिन्यांत काय लिहिले आहे ते दोन मिनिटांत वाचता आले असते.

बाहेर उभे करण्याविषयी मात्र मतभेदाला फारशी जागा नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी घातली आहे. ‘मी हात लावला नाही’ एवढे म्हणून शिक्षक सुटत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी सुरक्षेचा प्रश्न उरतो. जुलै महिना, वाटेत ओढा, कुंपण नसलेली शाळा, आणि आठ-नऊ वर्षांचे मूल अर्धा तास कोणाच्याही नजरेत नाही. शिक्षा दिल्यावर वर्ग शांत झाला, म्हणून वैशालीला ते जमल्यासारखे वाटले. कुनिन यांना पहिल्यांदा दिसला होता तो हाच परिणाम. एकाला बोलले की बाकीचे सावरतात. पण त्या शांततेत एकोणीस मुले गणित करत होती की घाबरून बसली होती, हे तिने तपासले नाही.

खडू न उचलणाऱ्या मुलासमोर दुसरे काय करता आले असते? अनुभवी शिक्षकांच्या तोंडून इथे एकच साधा उपाय येतो. स्वतः खाली वाकायचे, खडूचे तुकडे उचलायचे, “बस जागेवर, आपण नंतर बोलू,” म्हणायचे आणि वर्गाला लगेच कामाला लावायचे. चढाओढ बघायला प्रेक्षक असले की मूलही माघार घेत नाही आणि शिक्षकही. बोलणे सुट्टीत, दोघांतच, वही मध्ये ठेवून.

दारात उभ्या असलेल्या आजीला काय सांगायचे, हे छात्राध्यापकांनी लिहून नव्हे, बोलून दाखवावे. दोघांनी आजी आणि बाई व्हायचे. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण एक तर खुलासे देतात, नाही तर योजनांची माहिती. आजी काही विचारायला आलेली नाही, ती एक अडचण सांगते आहे, की मूल उद्या येत नाही म्हणते. त्यामुळे उत्तरात उद्याचे काही तरी ठोस हवे. “त्याला बाहेर उभं केलं ते माझं चुकलं, आजी. उद्या त्याला घेऊन तुम्हीच या. पहिला तास मी त्याच्याजवळ बसून काड्यांनी वजाबाकी घेते. तुम्ही बघा, मग जा.” एवढे पुरते. ‘माझं चुकलं’ हे आकाशच्या देखत म्हणायचे की नाही, यावर मात्र चर्चा बराच वेळ रंगते. काहींना वाटते, पहिल्याच दिवशी बाईंचा मान जाईल. काहींना वाटते, तो ऐकल्याशिवाय मूल परत येणार नाही. या प्रश्नाचे एकच उत्तर चर्चा घेणाऱ्याने ठरवून देऊ नये. प्रत्येकाने आपली बाजू गोष्टीतल्या पुराव्याने मांडावी.

गोष्टीबाहेरचा एक माणूस

तिन्ही तुकडे वाचून झाले तरी एका माणसाविषयी फारसे कोणी बोललेले नसते, ते म्हणजे मुख्याध्यापक. ते चांगले गृहस्थ आहेत. मूल हरवल्यावर ते स्वतः धावले. पण ‘लेकरं चांगली आहेत, काही लागलं तर हाक मारा’ एवढ्यावर त्यांनी तिसरी-चौथी सोपवली. शेजारच्या खोलीत तीन वेळा डस्टर आपटल्याचा आवाज त्यांच्यापर्यंत गेलाच असणार, त्यांचीच मुले दारात येऊन उभी राहिली होती. हाक मारण्याची अपेक्षा नव्या माणसाकडून ठेवली, की तो हाक मारत नाही. त्याला वाटते, पहिल्याच दिवशी आपण कमी पडलो असे दिसेल.

अशा गोष्टींवरच्या चर्चेत हा धोका नेहमी असतो. गोष्ट नव्या शिक्षकाच्या नजरेतून सांगितलेली असल्याने सगळ्या चुकाही त्याच्याच नावावर जमा होतात. दोन खोल्यांच्या शाळेत पहिला दिवस वेगळ्या रीतीने आखता येतो. परिपाठानंतरचा पहिला तास चारही इयत्ता व्हरांड्यात एकत्र घेता येतात. मुख्याध्यापक खेळ घेतील, नव्या बाई मुलांत बसून नावे शिकतील. दुपारी दोघांनी जागा बदलायच्या आणि एकमेकांचा वर्ग बघायचा. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख नव्या शिक्षकाला पंधरा मिनिटे देऊ शकतात, भाषणासाठी नव्हे, त्याच्या वर्गातला एक प्रसंग मांडण्यासाठी.

म्हणून अभ्यासवर्गातला शेवटचा अर्धा तास वैशालीसाठी नव्हे, मुख्याध्यापकांसाठी ठेवावा. प्रत्येकाने अशी कल्पना करायची, की आपण दहा वर्षे या शाळेत आहोत आणि सोमवारी एक नव्या बाई रुजू होणार आहेत. त्यांच्या हातात द्यायचा एक पानाचा कागद तयार करायचा. त्यात वीस मुलांची नावे बसण्याच्या जागेनुसार असतील. गेल्या हंगामात बाहेरगावी गेलेल्या मुलांपुढे खूण असेल, आणि ती कुठपर्यंत शिकलेली आहेत ते एका ओळीत असेल. पाणी, लघवीची सुट्टी आणि जेवण यांची शाळेतली रीत असेल. काड्यांचे गठ्ठे कोणत्या कपाटात आहेत ते असेल. आणि पहिल्या दिवशी कोणत्या वेळी मुख्याध्यापक स्वतःहून वर्गात डोकावतील, ती वेळ लिहिलेली असेल. कागद तयार झाले की शेजाऱ्याशी अदलाबदल करायची, आणि त्याचा कागद हातात घेऊन तिन्ही तुकडे पुन्हा वाचायचे. त्यातली कोणती ओळ गोष्टीतली कोणती घटना टाळू शकली असती, हे समासात लिहून तो कागद परत द्यायचा.